घडीच्या चाकूचा खटका : तीन रचना आणि त्यांची ताकद

घडीच्या चाकूचे पाते उघडल्यावर ते अचानक मिटू नये, म्हणून मुठीत जी अडकण बसवलेली असते, तिला खटका म्हणतात. सगळ्याच घडीच्या चाकूंना खटका नसतो. स्विस आर्मी चाकूची बहुतेक लहान पाती केवळ पाठीमागच्या पोलादी कमानीच्या दाबाने उघडी राहतात आणि पुरेसा जोर दिला की मिटतात. खटक्याच्या चाकूत मात्र खटका हाताने सोडवल्याशिवाय पाते मिटत नाही.

खटक्यावर भार नेमका केव्हा येतो, हे आधी समजून घ्यायला हवे. धारेने कापताना पाते आणखी उघडण्याच्या दिशेने रेटले जाते. थांब-खिळा असलेल्या चाकूत तो भार मुठीतल्या त्या खिळ्यावर जातो. तिथे खटक्याला त्याची झळ लागत नाही. लाकडात अडकलेले पाते हिसकून काढताना किंवा टोक कशात तरी खुपसताना पात्याच्या पाठीवर दाब आला, की पाते मिटू पाहते. त्या क्षणी बोटे आणि धार यांच्या मध्ये फक्त खटका उभा असतो.

हा भार किती असतो, ते तरफेच्या साध्या नियमाने काढता येते. समजा, पाते ज्या खिळ्यावर फिरते त्या खिळ्यापासून टोक ९ सेंटिमीटर लांब आहे आणि पात्याचे बूड व खटका त्याच खिळ्यापासून ६ मिलिमीटरवर एकमेकांना भिडतात. म्हणजे एक अंतर दुसऱ्याच्या पंधरापट झाले. टोकापाशी पाठीवर १० किलो वजनाइतका जोर आला, तर खटक्यावर १५० किलोचा भार येतो. तोच खटका ९ मिलिमीटरवर भिडत असता, तर भार १०० किलोवर आला असता. म्हणून खटक्याच्या ताकदीत जाडीइतकेच महत्त्व खिळ्यापासूनच्या या अंतराला असते.

तिन्ही रचनांत सर्वांत रुळलेली रचना म्हणजे बॅक लॉक. अमेरिकेतल्या बक कंपनीच्या १९६० च्या दशकातल्या '११०' या शिकारी चाकूने ती घरोघर पोहोचवली. मुठीच्या पाठीत एक पोलादी दांडी असते आणि ती मध्यावर एका खिळ्यावर सी-सॉसारखी डोलते. मागच्या टोकाखालची कमान तिला उचलून धरते, त्यामुळे पुढच्या टोकाचा दात पात्याच्या बुडातल्या खाचेत बसतो. दांडीचे मागचे टोक दाबले की दात वर येतो आणि पाते मोकळे होते. पाते मिटू लागले की बूड दाताला पुढे ओढते. हा ताण दांडीतून तिच्या खिळ्यावर जातो. पोलाद ताण चांगला सोसते, शिवाय दात खाचेत खोल बसलेला असल्याने तो घसरत नाही. या रचनेचे दुखणे वेगळे आहे. खाचेत धागा, माती किंवा कापलेल्या फळाचा चिकट रस साचला, तर दात पुरता खाली बसत नाही आणि खटका बसल्याचा नुसता भास होतो. बरीच वर्षे वापरल्यावर पाते वरखाली किंचित हलू लागते, तेही दात आणि खिळा झिजल्यामुळेच.

लायनर लॉकची मूळ कल्पना विसाव्या शतकाच्या सुरुवातीची आहे. आजचे रूप तिला अमेरिकन कारागीर मायकेल वॉकर यांनी १९८० च्या सुमारास दिले. मुठीच्या आतल्या अस्तरासारख्या धातूच्या पत्र्याला लायनर म्हणतात. त्याचा एक भाग चिरून आतल्या बाजूला वाकवलेला असतो. पाते पूर्ण उघडले की ही पट्टी सरकून बुडाच्या मागे उभी राहते. पाते मिटू लागले की बूड पट्टीला तिच्या लांबीच्या दिशेने मागे रेटते, आणि पट्टी उभ्या खांबासारखा दाब झेलते. बारीक खांब दाबाखाली तुटण्याआधी वाकतो, तशीच ही पट्टी वाकू शकते. साधारणपणे ती एक ते दीड मिलिमीटरच जाड असते.

वाकण्याआधीच पट्टी घसरण्याचा प्रसंग मात्र जास्त येतो. पट्टी जिथे भिडते ती बुडाची बाजू मुद्दाम थोडी तिरपी ठेवलेली असते, म्हणजे झीज झाली तरी पट्टी जरा पुढे सरकून घट्ट बसते. हा उतार साधारण आठ अंशांच्या आसपास असतो. तो जास्त झाला की भाराखाली पट्टी घसरून बाजूला पडते; फारच कमी झाला की जराशा झिजेनेही पाते खिळखिळे होते. पट्टीला जागच्या जागी धरून ठेवते ते घर्षण, म्हणून भिडणाऱ्या जागेवर तेल सोडणे धोक्याचे असते. मूठ पिळली गेली, तर बोटानेच पट्टी बाजूला ढकलली जाण्याचीही भीती असते.

फ्रेम लॉक हे याच कल्पनेचे दणकट रूप आहे. दक्षिण आफ्रिकेतून अमेरिकेत गेलेले कारागीर ख्रिस रीव्ह यांच्या 'सेबेन्झा' या चाकूने ते प्रसिद्ध केले. यात वेगळे अस्तर नसते; मुठीची टायटेनियमची एक अख्खी बाजूच चिरून खटका केलेली असते. तिची जाडी तीन ते चार मिलिमीटर असते. पण ती सहज वाकावी म्हणून एका जागी कोरून बरीच पातळ केलेली असते, आणि भाराखाली आधी वाकेल ती हीच जागा. म्हणून जाडी तिप्पट म्हणून ताकदही त्याच पटीत, असे होत नाही. या रचनेचा खरा फायदा दुसरीकडे आहे. मूठ आवळली की बोटे खटक्याला बुडाकडेच दाबतात, त्यामुळे तो घसरणे अवघड होते. टायटेनियम पोलादापेक्षा मऊ असल्याने भिडणारे टोक झिजते किंवा बुडाला चिकटून बसते. यावर उपाय म्हणून अनेक चाकूंत टोकाला पोलादाचा तुकडा जोडतात.

आता सर्वांत मजबूत कोणता? सारख्याच दर्जाच्या कामात पाठीवरचा सरळ भार सोसण्यात बॅक लॉक पुढे, त्यानंतर फ्रेम लॉक आणि शेवटी लायनर लॉक. बॅक लॉकची सर्वांत भक्कम सुधारित आवृत्ती म्हणजे अँड्र्यू डेम्को यांनी कोल्ड स्टील कंपनीच्या चाकूंसाठी तयार केलेला ट्राय-अ‍ॅड लॉक. त्यात बूड आणि दांडी यांच्या मध्ये जाड थांब-खिळा असतो आणि दांडीचे भोक किंचित लांबट असते. त्यामुळे भार आला की दांडी पुढे सरकून त्या जाड खिळ्यावर टेकते आणि तिच्या स्वतःच्या बारीक खिळ्यावर ताण येत नाही.

हा क्रम काम नीट झालेले असेल तरच टिकतो. काटेकोर बनवलेला लायनर लॉक निष्काळजीपणे बनवलेल्या बॅक लॉकपेक्षा कितीतरी भरवशाचा असतो. आपल्या हातातला चाकू पारखायचा तर पाते उघडून, बोटे त्याच्या मिटण्याच्या वाटेतून दूर ठेवून, पाठ हलक्या हाताने दाबावी. पाते वरखाली हलले किंवा खटका सरकताना दिसला, तर तो चाकू वापरू नये. लायनर आणि फ्रेम लॉकमध्ये पट्टीचे टोक बुडाच्या रुंदीच्या पाव ते निम्म्या भागावर असावे. ते पलीकडच्या कडेला जाऊन टेकले असेल, तर खटका झिजला आहे. बॅक लॉकमध्ये पाते उघडल्यावर दांडी मुठीच्या पाठीशी सपाट बसली पाहिजे. ती उचललेली दिसली, तर खाच टोकदार काडीने साफ करावी. आणि कोणताही खटका असो, पात्याने कधी उचकटू नये; त्या कामाला न मिटणारा, अखंड पात्याचा चाकूच घ्यावा.