पहिला पगार : ४८० दिरहम

दुबईला जाणाऱ्या मुलाचा पगार गावात एकाच आकड्याने ओळखला जातो. बाराशे दिरहम. २३ रुपयांचा भाव धरला तर २७,६०० रुपये. हा आकडा एजंटच्या ऑफिसात ठरतो आणि मुलगा विमानात बसण्याआधीच वाडीभर पोचलेला असतो. पण पहिल्या पगाराच्या दिवशी हातात येते ती रक्कम वेगळी, आणि आईच्या खात्यात जमा होते ती त्याहूनही वेगळी. मधली वजाबाकी घरच्यांना कुणी समजावून सांगत नाही. त्यामुळे तिकडे मुलगा शरमतो आणि इकडे आई काळजीत पडते.

संगमेश्वर तालुक्यातल्या एका तेवीस वर्षांच्या मुलाचा हिशेब इथे मांडतो आहे. हा मुलगा कुणी एक नाही. आखातात गेलेल्या अनेकांच्या पहिल्या महिन्यांवरून तो जुळवला आहे. आयटीआय झालेला, दुबईतल्या एका बांधकाम कंपनीत इलेक्ट्रिशियनचा हेल्पर. राहायला कंपनीच्या कॅम्पमध्ये एका खोलीत आठ जण, जेवणाचा खर्च स्वतःचा.

जाण्यासाठी घराने ८०,००० रुपये उभे केले. आईचे दागिने पतसंस्थेत ठेवून ५०,००० मिळाले, महिना शेकडा एक रुपया व्याजाने. उरलेले ३०,००० गावातल्या सावकाराकडून, शेकडा तीनने. म्हणजे दर महिन्याला पतसंस्थेचे ५०० आणि सावकाराचे ९०० मिळून १,४०० रुपये नुसते व्याज. यातले ७०,००० एजंटने घेतले. नोंदणीकृत एजंटला कायद्याने कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये घेता येतात, तेही पावती देऊन. तेवढ्याचीच पावती मिळाली. वरचे ३४,६०० रुपये पावतीशिवाय गेले. हे दिले नसते तर सावकाराच्या दारात जावेच लागले नसते. शिवाय अमिरातीचा कायदा भरतीचा खर्च मालकावर टाकतो, कामगारावर नाही. ही गोष्ट गावात फारशी कुणाला ठाऊक नसते आणि एजंट ती सांगत नाही.

मुलगा नऊ तारखेला दुबईत उतरला. गेल्या दिवसापासून पगार सुरू, असे घरच्यांनी धरलेले असते. प्रत्यक्षात मेडिकल आणि कागदपत्रे उरकून तो कामावर रुजू झाला चौदा तारखेला. तीस दिवसांच्या महिन्यात त्याचे १७ दिवस भरले. बाराशेला तीसने भागून सतराने गुणले की ६८० दिरहम होतात. पहिल्या दिवसांत जेवणाखाणासाठी कंपनीकडून २०० दिरहम ॲडव्हान्स उचलला होता, तो कापला गेला. उरले ४८०.

हा पगार पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला जमा झाला. अमिरातीत २००९ पासून पगार वाटपावर सरकारी देखरेखीची व्यवस्था आहे. कंपनीने पगार बँकेतून किंवा एक्स्चेंजमधून द्यायचा असतो, आणि कुणाला किती दिला याची नोंद मजूर मंत्रालयाकडे जाते. साध्या कामगाराला बहुधा एक सॅलरी कार्ड मिळते, एटीएममध्ये चालणारे. ठरल्या तारखेनंतर पंधरा दिवसांत पगार झाला नाही तर कंपनी कसूरवार ठरते आणि कामगाराला तक्रार करता येते. पगार बुडवण्याचे प्रकार यामुळे संपले नाहीत, पण पगार दिला की नाही याचा पुरावा तरी आता कामगाराच्या बाजूने उभा राहतो. रोख पाकिटाच्या काळात तोही नव्हता.

पगाराच्या चिठ्ठीत आणखी एक गोष्ट असते, ती पहिल्या दिवशी कुणी पाहत नाही. या मुलाचे बाराशे एकसंध नाहीत. बेसिक ८०० आणि भत्ते ४००. ओव्हरटाइम बेसिकवर मोजतात. ८०० बेसिकला तासाचे साधारण ३.३३ दिरहम पडतात आणि ओव्हरटाइमला सव्वापट धरून ४.१७. महिन्याला ५२ तास जादा काम केले तर सुमारे २१७ दिरहम मिळतात. हेच बाराशे सगळे बेसिकमध्ये असते तर ३२५ मिळाले असते. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटीही बेसिकवरच ठरते. म्हणून करारावर सही करताना एकूण पगाराइतकेच बेसिककडे पाहायला हवे.

आता पैसे पाठवण्याकडे येऊ. त्या संध्याकाळी आईचा फोन आला.

“बाबू, पगार झाला काय रे?”

“झाला गो आई. थोडा कमी आलाय या वेळी. पाठवतो आजच.”

“तुला ठेव हां जेवणाखाणाला. सावकार येऊन गेला काल, म्हणून विचारलं.”

खोलीतल्या एका केरळी सोबत्याने त्याला सांगितले होते, या महिन्यात पाठवू नकोस, पुढच्या पगाराला एकदम पाठव. पण सावकाराचे नाव ऐकल्यावर मुलगा थांबला नाही. एमिरेट्स आयडी घेऊन तो एक्स्चेंजच्या रांगेत उभा राहिला आणि २०० दिरहम पाठवले.

पावती नीट वाचली तर पैसे दोन वाटांनी कमी होतात. पहिली वाट उघड असते, ती म्हणजे फी. ही फी एक्स्चेंजप्रमाणे बदलते. इथे २० दिरहम आणि त्यावर पाच टक्के व्हॅट धरून २१ दिरहम. दुसरी वाट भावात लपलेली असते. बाजारात त्या दिवशी दिरहम २३ रुपयांना असला तरी काउंटरवर भाव मिळतो २२.८० चा. वीस पैसे क्षुल्लक वाटतात. ‘झिरो फी’ची पाटी लावणारे बहुधा इथेच आपली कमाई काढतात, म्हणून दोन दुकानांची तुलना करताना फी विचारू नये. “इतके दिरहम दिले तर घरी नेमके किती रुपये पोचतील?” एवढेच विचारावे. ज्याचे उत्तर मोठे, त्याच्याकडून पाठवावे.

आईच्या खात्यात ४,५६० रुपये पडणार होते. फीपोटी ४८३ रुपये आणि भावातल्या फरकापोटी ४० रुपये गेले. ४,६०० रुपये पाठवायला ५२३ रुपये खर्च झाले, म्हणजे शंभराला अकरांहून जास्त. पुढच्या महिन्यात पूर्ण पगारातून त्याने ८०० दिरहम पाठवले, तेव्हा फी तेवढीच २१ दिरहम होती. भावातल्या फरकापोटी १६० रुपये धरून एकूण खर्च ६४३ झाला, पण तो १८,४०० रुपयांवर, शंभराला साडेतीन. फी ठरावीक असल्यामुळे लहान रक्कम पाठवणाराच जास्त भरडला जातो. हा खर्च २०३० पर्यंत तीन टक्क्यांच्या खाली आणायचा, असे संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांत लिहिलेले आहे. पहिल्या पगाराची रांग त्यापासून फार दूर आहे.

आता केरळी सोबत्याचा सल्ला तपासून पाहू. थांबून पुढच्या महिन्यात एकदम पाठवले असते तर एक फी वाचली असती, ४८३ रुपये. थांबल्यामुळे ४,५६० रुपयांवर महिनाभराचे सावकारी व्याज चढले असते, शेकडा तीनने १३७ रुपये. म्हणजे थांबणे साडेतीनशे रुपयांनी स्वस्त पडले असते. सोबत्याचे बरोबर होते. तरीही मी या मुलाला दोष देणार नाही. सावकार दारात येऊन गेल्याचे कळल्यावर परदेशातल्या मुलाने व्याजाचा तक्ता मांडत बसावे, ही अपेक्षाच कठोर आहे. त्याला थांबता यावे अशी सोय घरीच, जाण्याआधी व्हायला हवी होती.

एवढे करून ते पैसे त्या दिवशी आईला मिळालेच नाहीत. साधारणपणे एक्स्चेंजमधून निघालेली रक्कम त्याच दिवशी, कधी तर काही मिनिटांत खात्यात पडते. इथे ती परत फिरली. आईचे खाते पूर्ण कागदपत्रांशिवाय उघडलेले ‘लहान खाते’ होते. अशा खात्यात वर्षाला एक लाखापर्यंतच रक्कम जमा होऊ शकते आणि ओळखीची पूर्ण कागदपत्रे दिल्याशिवाय परदेशातून आलेले पैसे जमा करता येत नाहीत. दुसरा नेहमीचा अडथळा बँकांच्या विलीनीकरणाचा. पासबुकावर जुना आयएफएससी कोड असतो, मुलाकडे त्याचाच फोटो असतो आणि रक्कम अडकते. तिसरा नावाचा. पासबुकात एक स्पेलिंग आणि पावतीवर दुसरे. या मुलाने शेवटी चुलत्याच्या खात्यात पैसे पाठवले आणि चुलत्याने ते काढून आईच्या हातात दिले.

आईने काय केले? कर्ज काढून तोवर अडीच महिने झाले होते, व्याज साचले होते ३,५००. ते दोन्हीकडे चुकते केले. राहिले १,०६० रुपये.

गिरणीत कामाला गेलेल्या मुलांच्या मनीऑर्डरींवर कोकणातली घरे एकेकाळी चालली. पोस्टमन रोख रक्कम दारात मोजून द्यायचा आणि फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर चार ओळींचा मजकूर असायचा. मोबाइलवर येणाऱ्या बँकेच्या मेसेजात तेवढी जागा नसते; एवढेच का आले, हे त्यातून कळत नाही. म्हणून एक्स्चेंजच्या पावतीचा आणि पगाराच्या चिठ्ठीचा फोटो मुलाने घरी पाठवावा. पैसे कमी का, हे विचारण्याची वेळच मग येत नाही. आणि हप्ता किती फिटला, याची चिठ्ठी घरच्यांनीही त्याला पाठवावी. दुसऱ्या महिन्यात या आईने व्याज भागवून सावकाराला १०,००० रुपये मुद्दलात दिले. सावकाराचे महिन्याचे व्याज ९०० वरून ६०० वर आले. मुलाला हे कळले तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला.

घाईत पैसे पाठवणाऱ्यांना हवाला फार सोपा वाटतो. फी नाही, भाव चढा, पैसे दारात. पण तो बेकायदा आहे. पैसे बुडाले तर तक्रार करायला पावती नसते, आणि मुलाने कमावल्याचा पुरावाही राहत नाही. तो पुरावा पुढे घरकर्जाच्या वेळी बँक मागते. मुलाने कायदेशीर मार्गाने आईवडिलांना पाठवलेल्या पैशावर मात्र त्यांना आयकर लागत नाही. ही भीती अनेक घरांत उगाच असते.

तुमच्या घरातला मुलगा यंदा आखातात निघाला असेल, तर त्याची बॅग भरण्याआधी आईच्या खात्याची केवायसी पूर्ण करा आणि नवा आयएफएससी कोड त्याच्या मोबाइलमध्ये टाकून द्या. एजंटला पावतीशिवाय रुपया देऊ नका. आणि काढलेल्या कर्जातून तीन महिन्यांचे व्याज वेगळे काढून ठेवा, म्हणजे पहिल्या पगाराला ‘या महिन्यात पाठवू नकोस’ असे त्याला सांगता येईल.