मधुमेहजन्य जठरमंदता आणि आहारनियोजन : चंद्रपूर-गडचिरोली परिसरातील आहाराच्या संदर्भात

प्रस्तावना

मधुमेही व्यक्तीस आहाराविषयी जो सल्ला सर्वसाधारणपणे दिला जातो तो सर्वपरिचित आहे. कोंड्यासह धान्य खावे, मोड आलेली कडधान्ये, कच्ची कोशिंबीर आणि पालेभाज्या भरपूर घ्याव्यात, असे सांगितले जाते. बहुसंख्य रुग्णांसाठी हा सल्ला योग्यच आहे. परंतु अनेक वर्षांच्या मधुमेहानंतर ज्यांच्या जठराची हालचाल मंदावलेली असते, त्यांना नेमक्या याच आहाराने अपाय होतो. या अवस्थेस वैद्यकशास्त्रात गॅस्ट्रोपॅरेसिस म्हणतात; प्रस्तुत लेखात तिला 'जठरमंदता' असे संबोधिले आहे. चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांत जे अन्न नित्य शिजते त्यातूनच अशा रुग्णाचा आहार कसा आखावा आणि नोंदवहीच्या साहाय्याने तो कसा तपासावा, याचे विवेचन करणे हा या लेखाचा हेतू आहे.

जठरमंदतेचे स्वरूप

निरोगी जठर दोन कामे करते. घन अन्न घुसळून त्याचे अगदी बारीक कण करणे हे पहिले, आणि तो लगदा थोडाथोडा लहान आतड्यात सोडणे हे दुसरे. या हालचालींचे नियंत्रण व्हेगस मज्जातंतू आणि जठराच्या भिंतीतील विशिष्ट पेशी करतात. दीर्घकाळ वाढलेल्या रक्तशर्करेमुळे या दोहोंची हानी होते. परिणामी जठरातून बाहेर पडण्याच्या मार्गात कोणताही अडथळा नसताना अन्न तासन्‌तास तेथेच पडून राहते. चार घासांतच पोट भरल्यासारखे वाटणे, मळमळ, पोटफुगी आणि सकाळी खाल्लेले अन्न सायंकाळी जसेच्या तसे उलटून पडणे ही त्याची लक्षणे होत.

येथे एक बाब विशेष ध्यानात घ्यावयास हवी. घन अन्न अडकले तरी द्रव पदार्थ बऱ्याच रुग्णांत पुष्कळसे सुरळीत पुढे जातात. पुढील सर्व आहारयोजना या एका भेदावर उभी आहे.

केवळ लक्षणांवरून निदान निश्चित करणे धोक्याचे असते. जठरातील व्रण, गाठ किंवा आतड्याचा अवरोध यांचीही लक्षणे अशीच असतात. म्हणून प्रथम दुर्बिणीने जठराची तपासणी करून अडथळा नाही याची खात्री करतात. त्यानंतर किरणोत्सारी द्रव्य मिसळलेले अन्न देऊन चार तास त्याचा मागोवा घेतात. चार तासांनंतर 10 टक्क्यांहून अधिक अन्न जठरात शिल्लक असल्यास जठरमंदता आहे असे मानतात. रुग्ण मधुमेहासाठी अथवा वजन घटविण्यासाठी जीएलपी-1 वर्गातील औषध घेत असल्यास ते आधी डॉक्टरांना सांगावे, कारण ही औषधे स्वतःच जठराचा वेग कमी करतात. अफूजन्य वेदनाशामकांचेही तसेच आहे.

इन्सुलिन आणि अन्न यांची चुकामूक

जठरमंदतेचा खरा धोका उलट्यांपुरता मर्यादित नाही. जेवणापूर्वी घेतलेले इन्सुलिन ठरल्या वेळी काम सुरू करते. अन्न मात्र अजून जठरातच असते. त्यामुळे जेवणानंतर तास-दोन तासांतच साखर धोकादायकरीत्या उतरते. पुढे अन्न आतड्यात पोहोचते तेव्हा इन्सुलिनचा जोर ओसरलेला असतो आणि साखर वेगाने चढते. ही चढलेली साखर जठराचा वेग आणखी कमी करते. अशा रीतीने हे दुष्टचक्र पूर्ण होते.

एका दिवसाची नोंद : प्रातिनिधिक उदाहरण

विषय स्पष्ट व्हावा म्हणून एक काल्पनिक, परंतु प्रातिनिधिक उदाहरण घेऊ. मूल तालुक्यातील 54 वर्षांची धान उत्पादक शेतकरी महिला असून मधुमेहाला 16 वर्षे झाली आहेत. ती दोन वेळा मिश्र इन्सुलिन घेते. रोवणीच्या दिवसांत तिची जेवणे दोनच, आणि तीही मोठी असतात. तिच्या एका दिवसाची नोंद अशी :

सकाळी 8.30 – साखर 168, इन्सुलिन घेतले.
सकाळी 9.00 – तांदळाच्या दोन भाकरी, तेलातली वांग्याची भाजी, जवसाची चटणी, कच्चा कांदा.
सकाळी 11.00 – घाम, थरथर, साखर 64. चार बिस्किटे खाल्ली. अर्ध्या तासाने साखर 61.
दुपारी 1.00 – साखर 214, पोट फुगलेले, भरलेपणा 4.
दुपारी 4.00 – साखर 291, मळमळ 4.
रात्री 8.30 – जेवणानंतर उलटी. तीत सकाळचा कांदा व जवस.

दुपारी चार वाजताचा 291 हा आकडा एकटाच पाहिला तर इन्सुलिन वाढवावेसे वाटेल. तसे केल्यास अकरा वाजताची साखर आणखी खाली जाईल. सर्व आकडे वेळेनुसार एका ओळीत मांडल्यावरच दोष इन्सुलिनच्या मात्रेत नसून वेळेच्या चुकामुकीत आहे, हे उघड होते. बिस्किटांनी साखर का वर आली नाही, याचेही उत्तर येथेच आहे : बिस्किटेही जठरातच अडकली होती.

आहारातील तीन बदल

पहिला बदल भोजनाच्या आकाराचा. दोन मोठ्या जेवणांऐवजी दिवसभराचे अन्न पाच-सहा लहान वाट्यांत विभागावे. जठर जितके अधिक ताणले जाईल तितकी मळमळ वाढते. वरील महिलेस सकाळी 7, 9.30, 12, 3, 6 आणि 8 या वेळा सुचविता येतील. शेतावर डब्यातून मऊ वरण-भात व ताक नेता येते. शेवटच्या खाण्यानंतर दोन-तीन तास आडवे होऊ नये, थोडे चालावे.

दुसरा बदल अन्नाच्या पोताचा. स्वीडनमध्ये मधुमेहजन्य जठरमंदतेच्या रुग्णांवर झालेल्या आणि 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक अभ्यासात, बारीक कणांच्या आहाराने मळमळ, उलटी, भरलेपणा व पोटफुगी कमी झाल्याचे आढळले. पोटदुखीत मात्र तसा फरक पडला नाही. कसोटी सोपी आहे : अन्न उकडलेल्या बटाट्याप्रमाणे चमच्याने सहज कुस्करता आले पाहिजे. जठराचे घुसळण्याचे काम आपण चुलीवर आणि पाट्यावर आधीच उरकायचे, एवढाच याचा अर्थ. झाडीपट्टीतील स्वयंपाकाला हे परके नाही. गुरगुट्या भात, पातळ पेज, घोटून गाळलेले मुगाचे वरण, साल-बिया काढून शिजवलेला दुधी वा कोहळे, मऊ शिजवलेले अंडे, ताक, आणि मामा तलावातील माशाचे काटे काढून रश्श्यात कुस्करलेले मांस हे सर्व या कसोटीस उतरते.

उलट कच्चा कांदा, अंबाडी, तरोट्याची भाजी, बांबूचे वास्ते, सालीसह हरभरा व वाल, शेंगदाणे आणि जवस टाळावेत. यांतील चिवट तंतू जठरात साचून त्यांचा गोळा होऊ शकतो. तेंदूच्या फळाबाबत अधिक सावध राहावे. परदेशात ज्या पर्सिमन फळामुळे जठरात असे कठीण गोळे झाल्याचे सुपरिचित आहे, त्याच्याच कुळातील हे फळ आहे.

तिसरा बदल स्निग्धांशाचा. स्निग्ध पदार्थ जठराचा निचरा लांबवतात. म्हणून दिवसाचा एकूण स्निग्धांश साधारण 40 ग्रॅमच्या आत ठेवण्याची प्रथा आहे. चहाचा एक चमचा तेल म्हणजे सुमारे 5 ग्रॅम. दिवसभरात चार-पाच चमचे तेल, एक अंडे आणि थोडे दूध यांत ही मर्यादा सांभाळता येते. तळलेली सांबारवडी, भजी, तर्रीचा रस्सा वर्ज्य समजावेत. परंतु स्निग्धांश पूर्णपणे तोडणे हेही चुकीचे आहे. वजन घटत असलेल्या रुग्णास उष्मांकांची गरज असते आणि द्रवरूपातील स्निग्धांश घन अन्नातील स्निग्धांशापेक्षा अनेकांना सोसतो. अशा रुग्णास दोन भोजनांच्या मध्ये साईसकट दूध अर्धा कप देऊन नोंदवहीत परिणाम पाहावा.

पेजेविषयी एक इशारा आवश्यक आहे. ती द्रव असल्याने लवकर पुढे जाते आणि साखरही लवकर वाढवते. म्हणून ती एका वेळी एक वाटीच आणि वरण, दही किंवा अंड्यासोबत घ्यावी. बऱ्याच रुग्णांत दिवस चढेल तशी लक्षणे वाढतात. त्यांनी घन अन्न दुपारपर्यंत घेऊन सायंकाळी द्रव आहाराकडे वळावे. खर्रा मात्र सोडलाच पाहिजे, कारण त्यातील निकोटिन जठराचा वेग आणखी मंदावते.

नोंदवही कशी ठेवावी

दररोज सहा वेळा रक्त तपासणे खर्चिक असते. त्याची गरजही नाही. एका दिवशी एकच भोजन निवडून त्यापूर्वी, त्यानंतर दोन तासांनी आणि चार तासांनी साखर पाहावी. पहिल्या दिवशी सकाळचे, दुसऱ्या दिवशी दुपारचे, तिसऱ्या दिवशी रात्रीचे असे फिरवत गेल्यास तीन दिवसांत नऊ पट्ट्यांमध्ये पूर्ण चित्र उभे राहते. यांशिवाय घाम, थरथर वा भोवळ जाणवताच तपासणी करावी. प्रत्येक नोंदीत वेळ, अन्न व त्याचे प्रमाण, इन्सुलिनची मात्रा आणि वेळ, तसेच मळमळ, भरलेपणा व पोटफुगी यांना 0 ते 5 गुण लिहावेत. 0 म्हणजे त्रास नाही, 5 म्हणजे असह्य. लिहिता न येणाऱ्या रुग्णाची नोंद घरातील शाळकरी मूलही ठेवू शकते.

वाचन असे करावे. दोन तासांनी साखर कमी आणि चार तासांनी जास्त हा क्रम वारंवार दिसल्यास वही डॉक्टरांना दाखवावी. ते मिश्र इन्सुलिनऐवजी दीर्घकाळ काम करणारे व भोजनाचे असे वेगळे इन्सुलिन देऊ शकतात, तसेच भोजनाचे इन्सुलिन जेवणानंतर घेण्यास सांगू शकतात. दोन मोठ्या जेवणांची सहा लहान भोजने करतानाही इन्सुलिनचा फेरविचार आधी व्हावयास हवा. अन्यथा नवा आहारच साखर उतरण्यास कारण ठरेल. लक्षणे वाढली पण साखरेचा क्रम बदलला नाही, तर आदल्या भोजनातील तेल व तंतू तपासावेत. एका वेळी एकच पदार्थ बदलून तीन दिवस पाहावे.

साखर 70 च्या खाली गेल्यास तीन चहाचे चमचे ग्लुकोज वा साखर पाण्यात विरघळवून द्यावी; बिस्किट वा पेढा देऊ नये. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडावाटे काहीही न देता तत्काळ रुग्णालय गाठावे.

मर्यादा

आहाराने लक्षणे आवरता येतात. हानी झालेले मज्जातंतू पूर्ववत होत नाहीत. काही महिन्यांत वजन एकदशांशाने घटले, तर केवळ आहारावर विसंबू नये. आतड्यात नळीद्वारे पोषण देण्याचा विचार करावा लागतो. दिवसभर पाणीही पोटात न टिकणे, उलटीत रक्त, किंवा उलट्यांसोबत चढलेली साखर व धाप ही तातडीची लक्षणे आहेत. खाणे होत नाही म्हणून इन्सुलिन स्वतःहून पूर्णपणे बंद करणे प्राणघातक ठरू शकते. मूत्रपिंडाचा विकार असल्यास वरण, दूध व फळभाज्यांचे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे.

समारोप

मधुमेहाचा रूढ आहार जठरमंदतेत उलटा ठरतो, कारण येथे प्रश्न पदार्थाच्या गुणवत्तेइतकाच तो जठरातून केव्हा बाहेर पडतो याचा असतो. लहान भोजन, कुस्करलेले अन्न व मोजका स्निग्धांश ही तीन सूत्रे हा वेळ कमी करतात, आणि उरलेला विलंब किती आहे हे नोंदवही सांगते. मूलच्या उदाहरणातील 64 आणि 291 हे आकडे एकाच भाकरीचे होते. ते शेजारी-शेजारी लिहिले गेल्यावरच योग्य उपचाराची दिशा सापडते.