शून्याचा लॉग आणि भातावरील तुडतुडे

समजा, म्हैसूरजवळील वरुणा येथील भातशेतात प्रत्येक चुडावरील तपकिरी तुडतुडे मोजले. अनेक चुडांवर एकही आढळत नाही. अशा मोजणीला सरळ रेषा लावली, तर काही ठिकाणी अंदाज उणे येतो. नोंदींचा लॉग घ्यावा, तर शून्याला लॉगच नसतो.

इंग्लंडमधील रोथॅमस्टेड कृषी संशोधन केंद्राच्या नेल्डर व वेडरबर्न या संख्याशास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये मांडलेल्या चौकटीत दुवा-फलन नोंदीला नव्हे, तर अपेक्षित सरासरीला लावतात. ती शून्याहून मोठी असल्याने तिचा लॉग घेता येतो. फवारणीचा गुणांक −०.७ आला, तर e^(−0.7) म्हणजे सुमारे ०.५, तुडतुड्यांची सरासरी निम्म्यावर आली. हे पॉयसाँ समाश्रयण. उत्पादनासाठी सरासरी तशीच ठेवली की रेषीय. बियाणे उगवण्याच्या व न उगवण्याच्या शक्यतांच्या गुणोत्तराचा लॉग घेतला की लॉजिस्टिक. फवारणी, खत, वाण यांची बेरीज तिन्हींत तशीच राहते. बदलतात तो दुवा आणि नोंदींचे वितरण.

तुडतुडे मात्र घोळक्याने राहतात. त्यामुळे नोंदींचे प्रसरण सरासरीहून पुष्कळ मोठे होते आणि पॉयसाँ प्रतिमान प्रमाणदोष फसवा लहान दाखवते. अवशिष्ट डेव्हियन्सला स्वातंत्र्य मात्रांनी भागून येणारी संख्या १ पेक्षा बरीच मोठी असेल, तर ऋण द्विपद वितरण घेऊन पाहावे. दुवा लॉगचाच ठेवल्यास फवारणीचा गुणांक तेव्हाही वरीलप्रमाणेच वाचता येतो.