गाडीचं कर्ज फिटलं, पण आरसीवरचा बोजा?

मंडळी, सातबाऱ्यावरचा बोजा आपल्याला नवा नाही. कर्ज फेडलं तरी फेरफार होईपर्यंत तो उताऱ्यावर दिसतच राहतो. गाडीचंही तसंच आहे. ट्रॅक्टरचा शेवटचा हप्ता भरला की बँकेतलं खातं बंद होतं, पण आरसीवर बँकेचं नाव राहतं. आपण त्याला ‘एचपी’ म्हणतो. ती आरटीओ काढतं, आणि त्यासाठी अर्ज करावा लागतो.

नाही काढली तर काय होतं? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५१ प्रमाणे ही नोंद असेपर्यंत बँकेच्या लेखी संमतीशिवाय गाडी दुसऱ्याच्या नावावर होत नाही. म्हणजे गिऱ्हाईक दारात उभं असतं आणि व्यवहार अडतो.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, हिवरे बाजारच्या एका शेतकऱ्याने २०१७ साली देना बँकेकडून ट्रॅक्टरसाठी कर्ज घेतलं आणि आता ते फेडलं. देना बँक १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोदात विलीन झाली. त्यामुळे कागद देणार बडोदा, पण आरसीवर नाव देनाचं. नेमकं इथे घोडं अडू शकतं.

शाखेतून दोन गोष्टी घ्यायच्या. एक, ना हरकत दाखला. दुसरा, फॉर्म ३५. हा कर्जाचा करार संपल्याची सूचना देणारा कागद आहे. त्यावर मालकाची आणि बँकेची, अशा दोन्ही सह्या लागतात, आणि तो किमान दोन प्रतींत भरायचा असतो. आपल्या शेतकऱ्याने दाखल्यावर ‘पूर्वीची देना बँक’ असा स्पष्ट उल्लेख मागून घ्यावा. गाडीचा नंबर, चासी नंबर आणि मालकाचं नाव आरसीशी अक्षर न् अक्षर ताडून बघायचं, तेही शाखेतून बाहेर पडण्याआधी. बँकेचा शिक्का राहिला किंवा एक आकडा चुकला, तर पुन्हा शाखेत खेटा पडतो.

मग parivahan.gov.in वर गाडीचा नंबर टाकून एचपी काढण्याचा अर्ज भरायचा. ओटीपी गाडीच्या नोंदीतल्या मोबाईलवर येतो. जुना नंबर बंद पडला असेल तर आधी तो बदलून घ्यावा. आपल्या गाड्या एमएच १६ च्या, त्यामुळे कागद अहिल्यानगरच्या आरटीओत जातात. सोबत मूळ आरसी आणि चालू विमा ठेवा.

काम झालं हे ओळखायचं कसं? पावती मिळाली म्हणजे बोजा उतरला असं नाही. नव्या आरसीवर बँकेचं नाव नसलं पाहिजे.

आणि एक शेवटचं. विमा पॉलिसीवरही बँकेचं नाव असतं. ते आरटीओ काढत नाही. नवी आरसी दाखवून विमा कंपनीकडून वेगळं काढून घ्यावं लागतं. नाहीतर ट्रॅक्टर चोरीला गेल्यावर दाव्याचे पैसे द्यायच्या वेळी कंपनी पुन्हा बँकेचा कागद मागते.