ऑसिलोस्कोपच्या प्रोबमधला छोटा कपॅसिटर : त्याची किंमत नेमकी किती हवी?



बारावीच्या किंवा डिप्लोमाच्या मुलांना ऑसिलोस्कोप दाखवताना आपण प्रोब लावतो, स्क्रीनवर स्क्वेअर वेव्ह येते आणि आपण पुढे जातो. पण एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, "सर, या प्रोबला हा बारीक स्क्रू कशाला?" या प्रश्नाचं उत्तर बारावीच्या गणितात बसतं, म्हणून आज आपण तेच नीट पाहू.

प्रोबवर 10X लिहिलेलं असतं. म्हणजे टोकाला १० व्होल्ट असतील तर ऑसिलोस्कोपला त्यातला १ व्होल्टच मिळतो. ऑसिलोस्कोपच्या इनपुटचा रोध साधारणपणे १ मेगाओहम असतो. प्रोबच्या टोकात ९ मेगाओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये बसवला की एकूण १० मेगाओहम होतात आणि इनपुटवर एक दशांश व्होल्टेज पडतं. आपल्याला शाळेपासून माहीत असलेला हा साधा व्होल्टेज डिव्हायडर. डीसीसाठी एवढं पुरे आहे.

अडचण येते ती न दिसणाऱ्या कपॅसिटरमुळे. ऑसिलोस्कोपच्या इनपुटला स्वतःची १५-२० पिकोफॅरड कपॅसिटन्स असते. शिवाय प्रोबची केबल म्हणजे मधे तार, भोवती जाळी, अर्थात एक लांबट कपॅसिटरच. हे सगळं १ मेगाओहमच्या समांतर येतं. आपल्या उदाहरणात इनपुटचे २० आणि केबल वगैरेंचे ७० धरू, एकूण ९० पिकोफॅरड. ९ मेगाओहमला R₁, १ मेगाओहमला R₂ आणि या ९० पिकोफॅरडला C₂ म्हणू.

आता टोकाला अचानक व्होल्टेज वाढवलं तर काय होईल? C₂ भरायला प्रवाह लागतो आणि तो येणार ९ मेगाओहममधून, म्हणजे अगदी थेंबथेंब. कपॅसिटरच्या बाजूने पाहिलं तर R₁ आणि R₂ समांतर दिसतात, त्यांचा रोध ०.९ मेगाओहम. त्याला ९० पिकोफॅरडने गुणलं की टाइम कॉन्स्टंट येतो ८१ मायक्रोसेकंद. याचा अर्थ, सुमारे २ किलोहर्ट्झच्या वर हा डिव्हायडर कमी कमी दाखवत जातो. अनेक मेगाहर्ट्झ दाखवणाऱ्या यंत्राला २ किलोहर्ट्झचा प्रोब!

उपाय असा, की R₁ च्या समांतरही एक कपॅसिटर, C₁, लावायचा. प्रश्न एवढाच, की केवढा?

इथे मुलांना दोन क्षणांचा वेगवेगळा विचार करायला सांगा. पहिला क्षण, व्होल्टेज उडी मारतं तो. त्या क्षणी रेझिस्टरमधून जाणारा चार्ज नगण्य, सगळा खेळ कपॅसिटरचा. C₁ आणि C₂ सिरीजमध्ये आहेत, दोघांवर सारखाच चार्ज येतो, म्हणून मोठ्या कपॅसिटरवर व्होल्टेज कमी पडतं. इनपुटला मिळणारा भाग C₁/(C₁+C₂). दुसरा क्षण, बराच वेळ गेल्यानंतरचा. कपॅसिटरमधून आता प्रवाह वाहत नाही, वाटणी फक्त रेझिस्टर करतात आणि इनपुटला मिळणारा भाग R₂/(R₁+R₂).

हे दोन भाग वेगळे असले तर पहिल्या उत्तरापासून दुसऱ्या उत्तरापर्यंत व्होल्टेजला हळूहळू सरकावं लागतं. तेच आपल्याला स्क्रीनवर वाकडं दिसतं. दोन्ही सारखे असतील तर सरकायला काही उरतच नाही. म्हणून ते समान मांडू:

R₂/(R₁+R₂) = C₁/(C₁+C₂)

तिरकस गुणाकार केला की दोन्ही बाजूंना R₂C₁ येतं, ते कटतं आणि उरतं

R₁C₁ = R₂C₂

आपल्या उदाहरणात C₁ = ९० ÷ ९ = १० पिकोफॅरड. पडताळून पाहा : १० ÷ (१०+९०) म्हणजे एक दशांश, रेझिस्टरांनी दिला तेवढाच. मधल्या सगळ्या फ्रिक्वेन्सींनाही हेच गुणोत्तर राहतं, कारण दोन्ही जोड्यांचे टाइम कॉन्स्टंट एकच असल्याने फ्रिक्वेन्सीवर अवलंबून असलेला भाग दोन्हीकडे सारखा येतो आणि भागाकारात नाहीसा होतो. मला स्वतःला दोन क्षणांचा युक्तिवादच जास्त आवडतो, त्याला कॉम्प्लेक्स नंबर लागत नाहीत.

आता मुद्दाम चुकवून बघू. टोकाला ५ व्होल्टची उडी आहे, म्हणजे इनपुटला ५०० मिलीव्होल्ट यायला हवेत. C₁ ८ पिकोफॅरड असेल तर पहिल्या क्षणी ८/९८ भाग, म्हणजे साधारण ४०८ मिलीव्होल्टच येतात, आणि मग ८८ मायक्रोसेकंदांच्या टाइम कॉन्स्टंटने वक्र चढत ५०० ला पोचतो. स्क्वेअर वेव्हचा कोपरा गोलावतो. C₁ १२ असेल तर पहिल्याच क्षणी ५८८ मिलीव्होल्ट येतात आणि मग खाली उतरतात, कोपऱ्याला टोक येतं. ऑसिलोस्कोपच्या पुढे टेस्ट सिग्नलची पट्टी असते, तिथे बहुधा १ किलोहर्ट्झची स्क्वेअर वेव्ह मिळते. तिचा अर्धा आवर्तकाळ ५०० मायक्रोसेकंद, त्यामुळे ही ९० मायक्रोसेकंदांच्या आसपासची चढ-उतार त्यात छान मावते आणि डोळ्यांना दिसते. माथा सपाट होईपर्यंत स्क्रू फिरवायचा, तोही प्लास्टिकच्या स्क्रूड्रायव्हरने. धातूचा जवळ नेला तर त्याचीच कपॅसिटन्स मिसळते.

साइन वेव्ह लावून मात्र ही चूक कळत नाही. १०० किलोहर्ट्झची साइन वेव्ह वरच्या ८ पिकोफॅरडच्या प्रोबमधून अगदी सुबक दिसेल, फक्त ५ व्होल्टऐवजी सुमारे ४.१ व्होल्ट वाचली जाईल. मुलं आकडा वहीत लिहून मोकळी होतील.

बऱ्याच प्रोबमध्ये C₁ ठरावीक असतो आणि स्क्रू C₂ ला समांतर असलेला छोटा कपॅसिटर बदलतो. समीकरण तेच राहतं. पण यातून एक गोष्ट निघते : २० पिकोफॅरडच्या इनपुटला जुळवलेला प्रोब १५ च्या इनपुटला लावला तर C₂ ८५ होतो आणि १०/९५ मुळे सुमारे ५ टक्के जास्त दिसतं. म्हणून प्रोब दुसऱ्या ऑसिलोस्कोपला लावला की पुन्हा जुळवायचाच.

आणखी एक, "10X प्रोब १० मेगाओहमचा असतो" हे आपण सांगतो ते डीसीपुरतंच. टोकाला C₁ आणि C₂ सिरीजमध्ये, म्हणजे ९ पिकोफॅरड दिसतात. १० मेगाहर्ट्झला त्यांचा अडथळा जेमतेम १.८ किलोओहम होतो. प्रोब कितीही चांगला जुळवला तरी हा भार सर्किटवर पडतोच.

वर्गात हे करून दाखवायचं असेल तर पिकोफॅरडच्या नादी लागू नका, ब्रेडबोर्डची स्वतःची कपॅसिटन्सच घोळ घालते. सगळे रेझिस्टर शंभरपट लहान घ्या : R₁ साठी १० किलोओहमचे नऊ सिरीजमध्ये, R₂ साठी एक. C₂ म्हणून १० नॅनोफॅरड. R₂ च्या दोन टोकांवर ऑसिलोस्कोप लावा आणि फंक्शन जनरेटरवरून १ किलोहर्ट्झची स्क्वेअर वेव्ह द्या. आधी C₁ शिवाय पाहा, मग १ नॅनोफॅरड लावा, कोपरा अजून किंचित गोल दिसेल. त्याच्या समांतर १०० पिकोफॅरड जोडला की १.१ नॅनोफॅरड होतात आणि माथा जवळजवळ सपाट होतो. शेवटी १ च्या जागी २.२ नॅनोफॅरड लावून पाहा, कोपऱ्यावर शिंग उगवेल. पण ते लावण्याआधी त्या शिंगाची उंची मुलांना सूत्रावरून काढायला सांगा.