दारावर भार असतो तो खोलीचा, साठ्याचा नव्हे

ऑगस्टमध्ये घटप्रभेवरचं हिडकल धरण भरत आलं की हुक्केरी, संकेश्वर, निपाणी भागात एक वाक्य हमखास कानावर येतं : "५१ टीएमसी पाणी त्या दहा दारांवर रेटतंय." या वाक्यात काळजी खरी आहे, पण हिशेब चुकीचा आहे. धरणाच्या दाराला मागे ५१ टीएमसी आहे की एक टीएमसी, याचा पत्ताच नसतो. दारावरचा पाण्याचा रेटा दोनच गोष्टींवर ठरतो : दाराची रुंदी आणि दारापाशी पाण्याची खोली. जलाशय मागे वीस किलोमीटर पसरलेला असो, की दारामागे हातभर रुंदीची फट पाण्याने भरलेली असो, पाण्याची पातळी तीच असेल तर स्थिर पाण्याचा दारावरचा भार तोच राहतो.

हे मनाला पटत नाही, कारण आपण पाण्याची कल्पना धान्याच्या पोत्यांसारखी करतो. मागची थप्पी मोठी तितका पुढच्यावर रेटा जास्त, असं वाटतं. पण मागच्या पाण्याचं वजन खालच्या जमिनीवर पडतं, पुढच्या दारावर नाही. पाणी आडवं दाबतं ते डोक्यावर किती उंचीचं पाणी उभं आहे त्या मानाने. एक घनमीटर पाण्याचं वजन एक टन, म्हणून एक मीटर खोलीवर दर चौरस मीटरला एक टन दाब, दोन मीटरवर दोन टन, तीनवर तीन. मागचा पसारा यात कुठेच येत नाही. तसं नसतं तर किनाऱ्यावरच्या गुडघाभर उंचीच्या भिंतीला अख्ख्या अरबी समुद्राचा भार पेलावा लागला असता. हवेचा दाब मात्र दाराच्या दोन्ही अंगांनी सारखाच असल्याने तो हिशेबातून गळून जातो.

यावर एक रास्त आक्षेप येतो : पुराचं पाणी वाहत येतं, त्याचा धक्का वेगळा नाही का? आहे, पण भरलेल्या जलाशयात दारापाशी बंद अवस्थेत पाणी फार संथ असतं. सेकंदाला एक मीटर वेगाने येणारं पाणी अडलं, तरी त्या वेगाचा दाब जेमतेम पाच सेंटिमीटर जादा खोलीइतकाच भरतो. लाटा, साठलेला गाळ आणि भूकंपाचे हादरे यांचा भार मात्र अभियंते वेगळा धरतात. तो हिशेबात मिळवला जातो, पण त्याने मूळ नियम बदलत नाही.

आता हा भार मोजायचा कसा, हे पाहायला हिडकलपेक्षा जवळची जागा म्हणजे वेदगंगा-दूधगंगेवरचे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. दोन खांबांमधल्या गाळ्यात, खांबांना पाडलेल्या उभ्या खाचांतून एकावर एक आडवे बर्गे सोडलेले असतात. बर्ग्यांची ती चळत म्हणजेच एक उभं दार, आणि ते आयतंच आडव्या पट्ट्यांत कापलेलं. हिशेब सोपा जावा म्हणून गाळा दोन मीटर रुंद, पाणी तीन मीटर खोल आणि प्रत्येक बर्गा ३० सेंटिमीटर उंच धरू. म्हणजे दहा बर्गे. सगळ्यात वरच्या बर्ग्याच्या मध्यावर खोली १५ सेंटिमीटर, त्याचं क्षेत्रफळ ०.६ चौरस मीटर, म्हणून त्यावर भार ०.०९ टन, म्हणजे ९० किलो. दुसऱ्यावर २७० किलो, तिसऱ्यावर ४५०. असं उतरत तळाच्या दहाव्या बर्ग्याच्या मध्यावर खोली २.८५ मीटर होते आणि भार १.७१ टन. वरच्याच्या एकोणीस पट. दहाही भारांची बेरीज नऊ टन.

बर्गे ३० ऐवजी तीन सेंटिमीटरचे कल्पिले, मग तीन मिलिमीटरचे, तरी बेरीज नऊ टनच राहते. पट्ट्या अशा बारीक करत नेऊन घेतलेली बेरीज म्हणजेच संकलन : F = ∫ ρ g b y dy, पाण्याच्या पृष्ठापासून H खोलीपर्यंत. त्याचं उत्तर ½ ρ g b H². यात ρ g म्हणजे घनमीटरला एक टन, b म्हणजे दोन मीटर आणि H म्हणजे तीन मीटर, म्हणून ½ × २ × ९ = ९ टन. बरेच जण तळाचा तीन टनांचा दाब सहा चौरस मीटर क्षेत्रफळाने गुणून अठरा टन काढतात. तळाचा दाब फक्त तळालाच असतो, म्हणून हे उत्तर दुप्पट येतं.

सूत्रातला H चा वर्ग सहज सुटतो, आणि तिथे दुसरा गैरसमज जन्मतो. "आणखी दोन फळ्या टाकल्या तर थोडा भार वाढेल," असं वाटतं. तीन मीटरचे ३.६ मीटर केले, म्हणजे उंची एक पंचमांशाने वाढवली, तर नऊचे सुमारे तेरा टन होतात. खोली दुप्पट झाली तर भार चौपट होतो. शिवाय हा एकूण भार दाराच्या मध्यावर लागत नाही. तळाकडे जोर जास्त असल्याने तो तळापासून एक तृतीयांश उंचीवर, आपल्या उदाहरणात एक मीटरवर, लागतो. वरच्या पाच बर्ग्यांवर मिळून सव्वादोन टन आणि खालच्या पाचांवर पावणेसात. त्यामुळे बर्गा वाकलेला किंवा सांधा झिरपताना दिसला तर आधी तळाकडे पाहावं.

तळाचा बर्गा भरल्या पाण्यात ओढून का निघत नाही, याचंही उत्तर इथेच आहे. बर्ग्याचं वजन फारसं नसतं, पण पाणी त्याला पावणेदोन टनांनी खाचेवर दाबून धरतं. घासण्याचा गुणांक अर्धा धरला तरी नुसतं घर्षण मोडायला आठ-साडेआठशे किलोंचा ओढा लागतो. म्हणून बर्गे वरून एकेक काढतात. पाणी उतरत जातं, तसा खालच्यांवरचा दाब आपोआप कमी होतो. मोठ्या उभ्या दारांना याच कारणाने चाकं बसवतात.

१० ऑगस्ट २०२४ च्या रात्री होसपेटजवळ तुंगभद्रा धरणाचं १९ नंबरचं दार वाहून गेलं तेव्हा आडवा रेटा आणि उभा ओढा यांतला हा फरक न कळल्याने चुकीचा निष्कर्ष काढला गेला : भरलेल्या धरणाच्या पाण्याच्या भाराने साखळी तुटली. त्या सांडव्याची दारं ६० फूट रुंद आणि २० फूट उंच आहेत. मीटरमध्ये १८.३ आणि ६.१, म्हणून पाणी दाराच्या माथ्यापर्यंत असताना भार ½ × १८.३ × ३७.२, म्हणजे सुमारे ३४० टन. मागच्या सगळ्या साठ्यातलं फक्त वरचं २० फूट पाणी दाराला टेकतं. आणि हे ३४० टन आडवे असतात, ते दोन्ही बाजूंच्या खाचांतून खांबांवर जातात. साखळी उभी असते. ती दाराचं वजन तोलते आणि हलवताना घर्षण मोडते. म्हणून साखळीचा दोष शोधायचा तो गंज, झीज आणि देखभाल यांत. आठवड्याभरात तो गाळा बंद झाला, तोही आडवे पोलादी तुकडे एकावर एक सोडून, म्हणजे बर्ग्यांच्याच रीतीने.

एक गोष्ट हे सूत्र एकटं सांगत नाही : दाराच्या खालच्या अंगालाही पाणी असेल तर ते उलट रेटतं. आपल्या गाळ्यात वर तीन मीटर आणि खाली दोन मीटर पाणी असेल, तर निव्वळ भार ½ × २ × (९ − ४), म्हणजे पाचच टन. जत्राट-भिवशी किंवा अक्कोळ-सिदनाळचा बंधारा पुरात पूर्ण बुडतो तेव्हा दोन्ही बाजूंची पातळी जवळजवळ एक होते आणि हा स्थिर भार शून्याकडे जातो. बर्गे तेव्हा खाचांत राहिले असतील तर धोका वाहत्या पाण्याचा आणि त्यात अडकणाऱ्या ओंडक्या-झुडपांचा असतो. तो वेगळ्या हिशेबाने मोजावा लागतो.