पहिला घोट आणि पुढचे घोट

फिलाडेल्फियातल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात जोसेफ व्होल्पिसेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दारूच्या आजारावर उपचार घेणाऱ्या 70 पुरुषांवर एक चाचणी केली. तिचे निष्कर्ष 1992 साली प्रसिद्ध झाले. दारू थांबल्यानंतर निम्म्या जणांना 12 आठवडे नाल्ट्रेक्सोन या औषधाची गोळी दिली, उरलेल्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. नाल्ट्रेक्सोन घेणाऱ्यांपैकी 23 टक्के पुन्हा पूर्वीसारखे प्यायला लागले, तर दुसऱ्या गटातले 54 टक्के.

खरी लक्षवेधी गोष्ट या आकड्यांच्या पोटात होती. दोन्ही गटांतल्या काही जणांनी मध्येच कधीतरी दारू चाखली होती. औषध नसलेल्या गटात अशा 20 जणांपैकी 19 जण थेट जुन्या पिण्याकडे परतले. नाल्ट्रेक्सोनच्या गटात चाखणारे 16 होते, आणि त्यांतले 8 जण तिथेच थांबू शकले. म्हणजे हे औषध पहिल्या घोटापेक्षा त्याच्या पुढच्या घोटांना जास्त अडवत होतं. पुढे 1994 साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने दारूच्या व्यसनासाठी त्याला मान्यता दिली.

अकॅम्प्रोसेट हे दुसरं औषध फ्रान्समध्ये 1989 सालापासून वापरात आहे. अमेरिकेत ते 2004 साली पोहोचलं. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 साली ही दोन्ही औषधं आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. आपल्याकडे मात्र ‘दारू सोडवायची गोळी’ म्हटलं की अजूनही डायसल्फिरॅमच आठवतं. ती गोळी घेऊन दारू प्यायली तर तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, उलट्या होतात आणि कधी जिवावरही बेततं. त्या भीतीने माणूस दारूपासून लांब राहतो. नाल्ट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट यांत ही भीती नाही. त्यांच्यावर दारू प्यायली तरी अशी प्रतिक्रिया येत नाही, आणि त्यांची सवयही लागत नाही.

दोघांची कामं मात्र वेगळी आहेत. दारू पोटात गेली की मेंदूत एंडॉर्फिन ही नैसर्गिक, अफूसारखी रसायनं सुटतात. त्यातून येणारी झिंग ‘अजून एक’ म्हणायला लावते. ही रसायनं मेंदूतल्या ज्या जागांवर जाऊन बसतात, त्या जागा नाल्ट्रेक्सोन आधीच अडवून ठेवतं. दारू चढते, तोल जातो, पण मजा फिकी पडते आणि थांबणं जमू लागतं.

अकॅम्प्रोसेटचा संबंध पिण्याच्या मजेशी नाही, न पिण्याच्या त्रासाशी आहे. वर्षानुवर्षं दारूने दाबून ठेवलेला मेंदू दारू बंद झाल्यावर उसळतो. ग्लुटामेट हे चेतवणारं रसायन जास्त होतं. हातांची थरथर आठवड्याभरात थांबते, पण झोप न लागणं, जीव कासावीस होणं, उगीच चिडचिड हे महिनोन्महिने राहतं, आणि त्यालाच कंटाळून माणूस बाटलीकडे वळतो. अकॅम्प्रोसेट ही उसळी शांत करतं असं मानलं जातं. त्याचा परिणाम बसायला पाच ते सात दिवस लागतात.

म्हणूनच अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा नाल्ट्रेक्सोन बेसुमार पिणं कमी करण्यात पुढे दिसलं, आणि अकॅम्प्रोसेट आधीच थांबलेल्या माणसाला थांबलेलं ठेवण्यात. 2023 सालच्या एका मोठ्या आढाव्याचा हिशेब असा आहे: 11 जणांना अकॅम्प्रोसेट दिलं तर त्यातला एक जास्तीचा माणूस दारूला अजिबात हात न लावता राहतो. नाल्ट्रेक्सोनसाठी हाच आकडा 18 आहे. पण बेसुमार पिण्याकडे परतणं टाळायचं असेल तर नाल्ट्रेक्सोनचा आकडाही 11 वर येतो. औषधाचा वाटा एवढा आहे, आणि तो समुपदेशनाच्या जोडीने मोजलेला आहे. अमेरिकेतल्या 1383 रुग्णांच्या ‘कम्बाइन’ चाचणीत तर अकॅम्प्रोसेटचा फायदा दिसलाच नाही. युरोपातल्या चाचण्यांत तो दिसला होता. तिथले बरेच रुग्ण आधी दाखल होऊन, दारू पूर्ण थांबवून मग औषधावर आले होते, हे या फरकाचं एक संभाव्य कारण मानलं जातं.

ही निवड प्रत्यक्षात कशी होते, ते दोन कल्पित रुग्णांवरून पाहू.

पहिला 46 वर्षांचा टेम्पोचालक. आठवडाभर कसाबसा कोरडा राहतो, पण एक क्वार्टर फुटली की चौथ्यापर्यंत थांबत नाही. दवाखान्यात दाखल करून त्याची दारू सोडवली. थरथर आणि फिट येऊ नये म्हणून दिलेली औषधं आणि थायमिन पूर्ण झालं. हा टप्पा नाल्ट्रेक्सोन किंवा अकॅम्प्रोसेट सांभाळू शकत नाही, त्याचा उपचार वेगळा. रक्तात यकृताचं एसजीओटी 110 आहे, म्हणजे साधारण मर्यादेच्या तिपटीच्या आत. बिलिरुबिन ठीक आहे. पिण्याची तऱ्हा पाहता नाल्ट्रेक्सोन योग्य वाटतं.

डॉक्टर विचारतात, “दुखण्याबिखण्यासाठी मेडिकलमधून काही घेता का?” तो म्हणतो, “तसं काही नाही.” शेजारी बसलेली बायको सांगते, “अहो, कमरेसाठी ती गोळी रोज घेता की!” पाकीट मागवलं तर गोळी ट्रामाडॉलची निघते. ट्रामाडॉल अफूच्या गटातलं आहे. कोडीन असलेलं खोकल्याचं औषधही त्याच गटातलं. अशा माणसाला नाल्ट्रेक्सोन दिलं तर तेच औषध मेंदूतल्या जागांवरून अफूगटाला एकदम हुसकावतं. काही मिनिटांत घाम, उलट्या, जुलाब, पोटात पिळवटणं, असह्य बेचैनी सुरू होते. म्हणून या रुग्णाची ट्रामाडॉल डॉक्टरांच्या देखरेखीखाली बंद करून कमरेचा इलाज बदलावा लागतो, आणि नंतर 7 ते 10 दिवस मोकळे जाऊ द्यावे लागतात. हा एक प्रश्न विचारायचा राहून गेला की उपचाराची सुरुवातच बिघडते.

त्यानंतर जेवणावर अर्धी गोळी, म्हणजे 25 मिलिग्रॅम, काही दिवस. मळमळ, डोकेदुखी सोसवली की पूर्ण 50 मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. गोळी बायकोच्या समोर घ्यायची असं दोघांनी मिळून ठरवलं. गोळी चुकते तिथेच औषध हरतं, म्हणून हा करार महत्त्वाचा. यकृताची तपासणी एक, तीन आणि सहा महिन्यांनी होते. या औषधाने यकृताला इजा होते अशी ठळक सूचना अमेरिकेत पूर्वी पाकिटावर असायची. ती 2013 साली काढली, कारण नेहमीच्या मात्रेत तसा पुरावा मिळाला नाही. तरी तीव्र कावीळ असताना किंवा यकृत निकामी होत असताना ते देत नाहीत, आणि एसजीओटी, एसजीपीटी मर्यादेच्या तीन ते पाच पटींवर गेलं तर थांबून फेरविचार करतात. लघवी गडद होणं, डोळे पिवळे दिसणं, उजव्या बरगडीखाली दुखणं ही घरी ओळखता येणारी चिन्हं.

या रुग्णाने खिशात एक चिठ्ठी ठेवायची: ‘मी नाल्ट्रेक्सोन घेतो’. अपघात झाला आणि मॉर्फिनसारखं वेदनाशामक दिलं तर ते नेहमीसारखं लागू पडणार नाही, हे तिथल्या डॉक्टरांना कळायला हवं. ठरवून शस्त्रक्रिया असेल तर गोळी सुमारे तीन दिवस आधी थांबवतात.

दुसरे 62 वर्षांचे निवृत्त शिक्षक. वजन 55 किलो. दोन महिन्यांपूर्वी कावीळ झाली, तेव्हापासून दारू बंद आहे, पण रात्र रात्र झोप नाही आणि संध्याकाळी सहा वाजले की तलफ येते. एसजीपीटी अजून मर्यादेच्या पाच पट. नाल्ट्रेक्सोन इथे बसत नाही. अकॅम्प्रोसेट यकृतावर अवलंबून नाही, ते जसंच्या तसं मूत्रपिंडातून बाहेर पडतं. यकृत पूर्ण निकामी झालेलं नसेल तर ते देता येतं, आणि हे गृहस्थ आधीच थांबलेले आहेत.

इथेही एक अडचण दडलेली असते. त्यांच्या रक्तातलं क्रिएटिनिन 1.4 आहे. अहवालात हा आकडा किंचितच वाढलेला दिसतो आणि नजरेतून सुटतो. पण मूत्रपिंडाची खरी क्षमता वय आणि वजन धरून काढतात: 140 मधून वय वजा करा, वजनाने गुणा, आणि क्रिएटिनिनच्या 72 पटीने भागा. 78 गुणिले 55 म्हणजे 4290, भागिले 100.8. उत्तर येतं सुमारे 43. ही क्षमता 30 ते 50 असेल तर मात्रा निम्मी करतात, 30 पेक्षा कमी असेल तर औषध देतच नाहीत. नेहमीची मात्रा 333 मिलिग्रॅमच्या दोन दोन गोळ्या तीन वेळा. या शिक्षकांना मात्र तीन वेळा एकेकच. बायकांसाठी हीच क्षमता काढताना आलेल्या उत्तराला 0.85 ने गुणतात.

जुलाब हा अकॅम्प्रोसेटचा नेहमीचा त्रास. तो बहुधा सुरुवातीच्या दिवसांत असतो आणि ओसरतो. क्रिएटिनिन मधूनमधून पाहावं लागतं, विशेषतः वयस्कर माणसांत. मन खचणं, जीव नकोसा वाटणं याची विचारणा प्रत्येक भेटीत व्हायला हवी. व्यसन सुटण्याच्या काळात हा धोका असतोच, आणि औषधाच्या माहितीपत्रकातही त्याची नोंद आहे.

तीन महिन्यांनी टेम्पोचालक एका लग्नात दोन पेग घेतो. व्यसनमुक्तीच्या भाषेत ही ‘स्लिप’. घरच्यांना वाटतं, औषध फुकट गेलं, बंद करा. इथे नेमकं उलटं करायचं असतं. गोळी चालू ठेवून दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना गाठायचं. दोन पेगवर थांबणं हेच त्या गोळीचं काम होतं. अकॅम्प्रोसेटही एका स्लिपमुळे थांबवत नाहीत. मात्र सुरू केल्यापासून चार ते सहा आठवड्यांनीही पिणं तसंच चालू असेल, तर ब्रिटनची मार्गदर्शक तत्त्वं औषध बंद करून उपचाराची दिशा बदलायला सांगतात. उपयोग होत असेल तर सहा महिने ते वर्षभर औषध चालवतात.

डायसल्फिरॅम यामुळे निकामी ठरत नाही. मुंबईत अविनाश आणि अ‍ॅलन डिसूझा यांनी केलेल्या तुलनेत, घरचं माणूस समोर गोळी देणार असेल तेव्हा डायसल्फिरॅमवरचे रुग्ण नाल्ट्रेक्सोनवाल्यांपेक्षा जास्त काळ कोरडे राहिले. तलफ मात्र नाल्ट्रेक्सोनने जास्त कमी झाली. रुग्णाला न सांगता चहात किंवा भाजीत डायसल्फिरॅम मिसळण्याचा प्रकार अजून घडतो. तो माणूस नकळत दारू पितो आणि दवाखान्यात पोहोचतो, कधी पोहोचतही नाही. हे कोणीही करू नये.

घरात कोणी दारू सोडून नुकतं बाहेर पडलं असेल, तर मनोविकारतज्ज्ञांकडे जाताना तीन गोष्टी बरोबर घ्या: यकृताचा अहवाल, क्रिएटिनिनचा अहवाल, आणि चालू असलेल्या सगळ्या औषधांची पाकिटं, कमरेच्या गोळीपासून खोकल्याच्या बाटलीपर्यंत. मग विचारा की या दोन औषधांपैकी कोणतं आमच्या माणसाला लागू पडेल, आणि पुढची रक्ततपासणी कधी.